बर्फाच्या देशाचा नंबर

कडीताई दाराशी बसत म्हणून त्यांना कडी म्हणत, असा काही लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. दाराशी बसणारे ढीगभर असतात, त्यांना कुणी अशी नावं देत नाही. कडीताई एकदा लागल्या की बाहेरच्याला काही केल्या काढता येत नसत, म्हणून ते नाव. वृद्धनिवासाच्या स्वागताच्या टेबलामागे, फोनला खेटून, चष्मा नाकाच्या टोकावर ओढून त्या बसत. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत माणूस जात नसे, फळांची पिशवी जात नसे आणि फोनही जात नसे. दूध आलं की आधी त्याचा वास, मग रंग आणि मग दूधवाल्याचा चेहरा, अशी तपासणी असे. औषधवाला बिचारा वर्षभर रोज येत होता, तरी तोंड उघडून दुकानाचं नाव सांगितल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. एकदा त्याने चिडून विचारलं, ताई, तुम्ही मला ओळखत नाही का? ताई म्हणाल्या की ओळखते म्हणूनच विचारते, न ओळखणाऱ्यांना मी उभंसुद्धा करत नाही.

आता हा स्वभाव काही जन्मजात नव्हता. लग्नाच्या पहिल्या काही वर्षांत ताई चांगल्या भोळ्या होत्या, म्हणजे कुणीही यावं आणि टोपी घालून जावं अशा. नवरा कामासाठी परगावी जायचा आणि तिकडून फोन करायचा, अजून काम आटोपलं नाही, अजून दोन दिवस लागतील. ताई म्हणायच्या, जेवत जा वेळेवर. एका दुपारी तो परगावच्या उकाड्याबद्दल रंगात येऊन सांगत होता आणि तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. तो ताईंना खिडकीतून ऐकू आला आणि फोनमधूनही ऐकू आला. एका कानात आणि दुसऱ्या कानात एकच भोंगा. परगाव म्हणजे कारखान्यामागची गल्ली निघाली आणि त्या गल्लीत नवऱ्याचं दुसरं बिऱ्हाड. ताईंनी आकांडतांडव केलं नाही. पोरीला कडेवर घेतलं, बहिणीचं घर गाठलं आणि कामाला लागल्या. मात्र त्या दिवसापासून माणूस काय बोलतो ह्यापेक्षा कुठून बोलतो ह्याकडे त्यांचा कान जास्त असे. पोरगी मोठी होऊन लग्न करून गेली, तरी कान तसाच राहिला.

निवासात त्या आधी कोठीघर सांभाळत. पुढे स्वागताच्या टेबलावरची मुलगी नोकरी सोडून गेली आणि व्यवस्थापकांनी ताईंना तिथे बसवलं. नेमकी त्याच सुमारास जुन्या फोनची उचलबांगडी झाली. एक माणूस आला, त्याने भिंतीतली जुनी तार उपटली आणि इंटरनेटवर चालणारा काळा फोन मांडला. नंबर जुनाच राहील, फक्त कंपनी बदलली, असं तो जाता जाता म्हणाला. ह्या नव्या फोनला छोटासा पडदा होता आणि त्यावर फोन करणाऱ्याचा नंबर उमटायचा. पहिले काही दिवस ताईंनी त्या पडद्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि तेच नडलं.

निवासात सुतारकाका म्हणून एक गृहस्थ होते. आयुष्यभर दारं-खिडक्या केलेले, हात अजून दगडासारखे. त्यांना एक दिवस नातवाचा फोन आला. नातू परदेशात शिकत होता. फोनवरचा मुलगा हुंदके देत म्हणाला, आजोबा, मी इथे अडकलोय, घरी कुणाला सांगू नका. ताईंनी कळवळून फोन आत जोडून दिला. काकांनी मागेल ते सगळं सांगितलं, अगदी बँकेचे आकडेसुद्धा, आणि संध्याकाळपर्यंत खातं धुऊन निघालं. मागाहून कळलं की खरा नातू त्या वेळी वर्गात बसला होता. पैसे गेले ते गेले, पण सुतारकाका त्यानंतर खऱ्या नातवाशीही बोलेनात. फोन आला की मान हलवत, कशावरून तोच आहे, म्हणत. ताईंनी फोनमध्ये साठलेले जुने नंबर एकेक करून बघितले तेव्हा दिसलं, त्या दिवशीचा नंबर चक्क आपल्याच देशाचा होता. परदेशातून बोलतोय म्हणणारा माणूस, आणि नंबर इथला. पडदा डोळ्यांसमोर होता आणि आपण बघितला नाही, हे ताईंना इतकं लागलं की त्या दोन रात्री जेवल्या नाहीत.

मग ताईंनी स्वतःचा कायदा केला. नंबरच्या सुरुवातीचे आकडे देश सांगतात, हे त्यांनी व्यवस्थापकांकडून समजून घेतलं आणि निवासातल्या सगळ्यांची मुलं-नातवंडं ज्या ज्या देशांत होती त्यांचे आकडे घोकून पाठ केले. परदेशातून फोन आला की पहिला प्रश्न, कुठून बोलताय? उत्तर आणि पडदा जुळले तर फोन आत. नाही जुळले तर कडी. आणि एवढ्यावर थांबतील त्या ताई कसल्या. त्या खोल्याखोल्यांतून फिरल्या आणि सगळ्या म्हाताऱ्यांना हा धडा शिकवला, की फोन हातात आला की लेक म्हणो, नातू म्हणो, आधी विचारायचं, कुठून बोलतोस. पोरं जिथे असतात ते ठिकाण सांगितलं तरच पुढे बोलायचं. बऱ्याच जणांनी हो हो म्हणून सोडून दिलं. पण कोपऱ्यातल्या खोलीतल्या बाईंना हा धडा फार आवडला.

ह्या बाई म्हणजे शाळेत जन्मभर शिकवलेल्या. अजून पाठ ताठ, केस चापूनचोपून बांधलेले, आणि समोरच्याने वाक्य अर्धवट सोडलं की भुवई वर. पण आतून सगळं विरत चाललं होतं. सकाळचा चहा घेतला की नाही ते दहा वेळा विचारत. कोण गेलं, कोण जिवंत आहे ह्यात गोंधळ होई. डॉक्टर म्हणाले होते, जुनं सगळ्यात शेवटी जाईल आणि नवं शिकवाल ते टिकायचं नाही. पण डॉक्टरांचं गणित ताईंच्या धड्याने चुकवलं. ताई रोज संध्याकाळी फेरीला जात आणि रोज बाईंकडून धडा म्हणवून घेत, कारण दुसरं कुणी इतक्या हौसेने म्हणत नसे. कुठून बोलता, हा प्रश्न बाईंच्या तोंडी असा बसला की जेवणाच्या टेबलावर समोर बसलेल्यालाही त्या विचारू लागल्या.

बाईंना एकच मुलगी. ती बर्फाच्या देशात असते, हे बाई सगळ्यांना सांगत. तिथे हिवाळ्यात दार उघडायला फावडं लागतं, हेही सांगत. लेक पूर्वी बाईंच्या मोबाइलवरच फोन करायची. पण बाई मोबाइल कधी उशीखाली, कधी बादलीत ठेवू लागल्या, आणि शेवटी तो बादलीतच संपला. मग लेकीने निवासाच्या नंबरवर फोन केला. ताईंनी तिला कधी बघितलेलं नव्हतं. आईला सोडायला ती आली तेव्हा ताई कोठीघरात होत्या.

पडद्यावर बर्फाच्या देशाचा नंबर होता. ताईंनी विचारलं, कुठून बोलताय?

पलीकडून उत्तर आलं, बेटावरच्या एका देशातून. नोकरी बदलली, आता इकडे असते.

ताईंचे कान टवकारले. बर्फाच्या देशात त्या वेळी मध्यरात्र असणार, आणि फोनमधून तर पक्ष्यांचा नुसता कलकलाट ऐकू येत होता. म्हणजे ही बेटावर असेलही, पण मग नंबर बर्फाचा कसा? ताईंनी तसं तोंडावर विचारलं. पलीकडची म्हणाली, नंबर मी बदलला नाही, जुनाच ठेवलाय. ताई म्हणाल्या, देश बदललात आणि नंबर नाही बदलला? सिमकार्ड काय विमानातून वाऱ्या करतं का? आणि फोन ठेवला.

तो नंबर पुन्हा आला. पुन्हा आला. दर वेळी तोच आवाज, दर वेळी बेटाचंच नाव. ताईंना वाटलं, काय निगरगट्ट आहे, निदान खोटं तरी बदलून बघावं. एकदा ती रडली. ताईंना सुतारकाकांच्या नातवाचे हुंदके आठवले आणि त्यांचं मन आणखी घट्ट झालं. एकदा ती म्हणाली, "ताई, आईला माझा आवाज ओळखता येतोय तोवर मला बोलू द्या. नंतर मला तुम्ही जोडून दिलंत तरी काय उपयोग?" हे वाक्य ताईंच्या मनात रुतलं, नाही असं नाही. पण लुबाडणाऱ्यांना अशी वाक्यं बरोबर सुचतात, असं म्हणून त्यांनी ते झटकलं.

लेकीने व्यवस्थापकांना ईमेल केली. व्यवस्थापकांनी ताईंना बोलावून विचारलं. ताई म्हणाल्या, साहेब, ईमेल काय कुणीही करतं. व्हिडिओ कॉल करू म्हणते, तर हल्ली चेहरेसुद्धा बनवतात म्हणे. सुतारकाकांचं प्रकरण व्यवस्थापकांनाही भोवलं होतं, वरून बोलणी बसली होती. ते म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. म्हणजे कडी पक्की लागली.

इकडे बाई मात्र रोज दुपारी खाली येऊन फोनजवळच्या खुर्चीत बसू लागल्या. मुलीचा फोन येईल, म्हणत. ताई सांगत, आला की बोलावते हो. बाई मान डोलावत आणि थोड्या वेळाने पहिल्यापासून विचारत. ताईंच्या समोर बसून, साडीचा पदर नीट करत, त्या पडद्याकडे बघत राहत. ताईंना त्या खुर्चीचा त्रास व्हायला लागला. हिची खरी मुलगी फोन का करत नाही, असं त्या मनातल्या मनात तिच्यावर चरफडत. आईला विसरली, दुसरं काय. आणि ती तोतया मात्र इमानेइतबारे रोज फोन करतेय.

शेवटी ताईंनी ठरवलं, हिला पकडूनच देते. त्यांच्या बहिणीचा मुलगा एका फोन कंपनीत कामाला होता, नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत हलवून देतात त्या विभागात. ताई सुटीच्या दिवशी सरळ त्याच्या ऑफिसात जाऊन थडकल्या. काचेचे आडोसे, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र आणि कुणीच मान वर करत नाही. ताईंनी नंबर लिहिलेला कागद भाच्यापुढे आपटला आणि म्हणाल्या, हा कुणाचा आहे ते काढ आणि पोलिसांना कळव.

भाचा म्हणाला की नाव-गाव त्याला दिसत नाही, आणि दिसलं तरी सांगता येणार नाही. पण हा नंबर सध्या कुठल्या कंपनीकडे आहे, एवढं बघायची सोय आहे. त्याने नंबर टाकला. मग हसला.

"मावशी, हा मुळात बर्फाच्या देशातल्या एका मोबाइल कंपनीने दिलेला नंबर आहे. आता तो तिथल्याच एका इंटरनेटवरून फोन करून देणाऱ्या कंपनीकडे गेलाय. पोर्ट केलाय."

"म्हणजे माणूस बर्फातच आहे."

"ते मला नाही सांगता येत. कुणालाच नाही सांगता येत, नुसत्या नंबरवरून."

मग त्याने समजावून सांगितलं आणि ताईंनी भुवया ताणून ऐकलं. नंबर देश सोडून दुसऱ्या देशाच्या कंपनीत जात नाही, देशातल्या देशातच कंपनी बदलतो. पण तो इंटरनेटवाल्या कंपनीकडे गेला, की त्याला सिमकार्डही लागत नाही आणि टॉवरही लागत नाही. तो एका ॲपमध्ये जाऊन बसतो. ॲप ज्या फोनमध्ये, नंबर तिथे. तो फोन घेऊन माणूस बेटावर जावो नाहीतर वाळवंटात, इंटरनेट असलं की फोन वाजतो, आणि समोरच्याला मात्र बर्फाचाच नंबर दिसतो. सुरुवातीचे आकडे फक्त हे सांगतात की हा नंबर कुठल्या देशाच्या वाट्यातून निघाला. काही लोक तर कधी पाऊल न ठेवलेल्या देशाचा नंबरही असा घरबसल्या घेतात. सुतारकाकांना गंडवणारा कुठे बसला होता कुणास ठाऊक, नंबर मात्र त्याने इथला घेतला होता. तुझ्या शिवणाच्या डब्यावर बिस्किटांच्या कारखान्याचं नाव आहे ना, भाचा म्हणाला, म्हणून काय तो डबा कारखान्यात आहे?

ताई सहजासहजी हरणाऱ्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, म्हणजे ती खरं बोलतेय? भाचा म्हणाला, तेही नंबर सांगत नाही. नंबरावरून ती खोटी ठरत नाही आणि खरीही ठरत नाही. शिवाय पडद्यावर दिसणारा नंबर खोटा उमटवणारेही असतात. ओळखायचंच असेल तर घरच्यांना आधीपासून माहीत असलेला नंबर घे आणि आपण होऊन त्यावर फोन कर. मग तो ज्याचा आहे त्याच्याकडेच वाजेल, कुठल्याही देशात असो.

ताईंना परतीच्या वाटेवर बसायला जागा मिळाली तरी त्या उभ्याच राहिल्या. इतके दिवस त्यांनी पडद्याला विचारलं, व्यवस्थापकांना विचारलं, भाच्याला विचारलं. निवासाच्या वहीत तर बाईंचा बादलीत संपलेला मोबाइलच तेवढा लिहिलेला. घरच्यांना म्हणजे कुणाला विचारायचं? बाईंना. आणि बाईंना तर सकाळचा चहा आठवत नाही. तरी निवासात पोचल्याबरोबर त्या चपला न काढता कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, बाई, मुलीचा फोन नंबर काय हो?

बाईंनी पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि पाढा म्हणावा तसा नंबर म्हणून दाखवला. बर्फाच्या देशाच्या आकड्यांपासून शेवटच्या आकड्यापर्यंत, कुठेही न अडखळता. ताईंच्या मुठीतल्या कागदावर तोच नंबर होता. "मी तिला बजावलंय," बाई म्हणाल्या, "कुठेही जा, नंबर बदलू नकोस. मला दुसरा पाठ व्हायचा नाही आता."

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. आईला पाठ असलेला नंबर हातचा जाऊ नये म्हणून त्या पोरीने तो देशोदेशी सांभाळला होता, आणि नेमका त्याच नंबरासाठी आपण तिला दाराबाहेर उभं केलं. मला लाज वाटते हो, असं त्या बाईंना म्हणाल्या. बाईंनी विचारलं, तुम्ही कुठून बोलता?

ताईंनी खाली येऊन स्वतःहून फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला तो उचलला गेला आणि ताईंनी भराभरा सांगायला सुरुवात केली, मी निवासातून बोलतेय, आईशी बोलायचंय ना तुम्हाला. पलीकडून लेकीचा आवाज आला, अगदी कोरडा.

"निवासाचा नंबर मला माहीत आहे. तुमचा नंबर भलत्याच देशाचा दिसतोय. कुठून बोलताय तुम्ही?"

ताई इथेच बसल्या होत्या, आपल्या टेबलामागे, आपल्या खुर्चीत. तो काळा फोन बसवून देणाऱ्याने आत येणारे फोन जुन्या नंबरावर ठेवले होते, पण बाहेर जाणाऱ्या फोनांवर त्याच्या कंपनीचा कुठल्या तरी तिसऱ्याच देशातून घेतलेला नंबर उमटत होता. हे नंतर कळलं, आणि व्यवस्थापकांनी त्याला फैलावर घेऊन ते दुरुस्त करून घेतलं. त्या क्षणी मात्र ताईंना एवढंच कळलं की आपण खरं बोलतोय आणि ते सिद्ध करायला आपल्याजवळ काहीही नाही. इथे बसून इथे आहे म्हणून सांगणं इतकं अवघड असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"तुम्ही फोन ठेवा," ताई शेवटी म्हणाल्या, "आणि तुम्हाला माहीत असलेल्या निवासाच्या नंबरवर तुम्हीच करा. मी इथेच बसलेय. ह्या वेळी जोडून देईन."

लेकीने फोन ठेवला. ताई पडद्याकडे टक लावून बसल्या. ती आता पुन्हा कशाला फोन करेल, आपणही केला नसता, असं त्यांना वाटत होतं तोच फोन वाजला आणि पडद्यावर बर्फाच्या देशाचे आकडे उमटले. कायदा केल्यापासून पहिल्यांदा ताईंनी फोन उचलून कुणाला काही विचारलं नाही. त्यांनी बाईंना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, फोन हातात दिला आणि आवाज मोठा केला.

"आई, मी गं," लेक म्हणाली.

बाईंचा चेहरा उजळला, आणि मग एकदम शिस्तीत आला. "ते झालं," त्या म्हणाल्या. "कुठून बोलतेस?"

"बेटावरून, आई. तुला सांगितलं होतं ना, मी इकडे आले म्हणून."

"माझी मुलगी बर्फाच्या देशात असते," बाई म्हणाल्या. "मोठ्यांना फसवू नये." आणि त्यांनी फोन ठेवला. मग ताईंकडे वळून, उत्तर बरोबर आलेल्या मुलासारख्या खुशीत, त्यांनी विचारलं, "बरोबर केलं ना?"

ताईंनी पुढचे काही दिवस बाईंना उलटा धडा शिकवायचा आटापिटा केला. मुलगी आता बेटावर असते, असं सकाळी सांगत, दुपारी सांगत, बेटाचं चित्र आणून भिंतीला लावलं. बाई ऐकून घेत आणि विसरून जात. नवं काही टिकत नव्हतं. टिकला होता तो एकच प्रश्न, तो ताईंनी रोजच्या रोज घोटून बसवला होता, आणि त्याचं एकच उत्तर, ते फार जुनं होतं. लेकीचा रोज फोन येई. आई, मी गं म्हणेपर्यंत बाई हसत. मग प्रश्न येई, मग बेट, मग फोन खाली. आणि दर वेळी ते हसू उमटायला थोडा जास्त वेळ लागत होता. आवाज ओळखायचे दिवस संपत चाललेत, हे ताईंना टेबलामागून स्पष्ट दिसत होतं.

शेवटी एका दुपारी बाई खाली यायच्या आधी ताईंनी लेकीला थांबवलं.

"एक सांगते, ऐकाल का? आई विचारतील कुठून, तर बर्फाच्या देशातून म्हणा."

लेक म्हणाली, "मी आईला कधी खोटं सांगितलं नाही, ताई. शाळेतही ती माझी शिक्षिका होती. तुम्हालाही मी खोटं सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी जोडून दिलं असतं."

"दिलं असतं," ताई म्हणाल्या. "माझ्यामुळे झालंय हे. पण आता मला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही म्हणा. पाप मला लागू दे."

बाई आल्या, खुर्चीत बसल्या, फोन कानाला लावला. आई, मी गं. कुठून बोलतेस? ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"बर्फाच्या देशातून, आई."

बाईंचा सगळा चेहरा सैल झाला. थंडी आहे का, कान झाकतेस का, जेवलीस का, असं सुरू झालं, आणि लेक त्या उन्हाच्या बेटावर बसून हो म्हणत राहिली, दार उघडायला फावडं लागलं म्हणाली, रडत होती ते आवाजात येऊ न देता. बाईंनी तिला लहानपणीच्या नावाने हाक मारली. फोन कितीतरी वेळ चालला. ताईंनी मध्ये आलेल्या दोन पाहुण्यांना काही न विचारता आत सोडलं.

फोन ठेवून बाई उठल्या. जाता जाता टेबलापाशी थांबल्या आणि वाकून, कुणी ऐकत नाही ना हे बघून, ताईंच्या कानाशी म्हणाल्या, "ही माझी मुलगी. पण मधे एक दुसरीच बाई फोन करायची, हुबेहूब हिच्या आवाजात. बेटावरून म्हणायची. तिचा फोन आला तर मला देऊ नका हं."

"नाही देणार," कडीताई म्हणाल्या.